शेवटच्या दिवसाचं चार मिनिटांचं भाषण: कायद्याच्या अंतिम वर्षातल्या विद्यार्थ्यासाठी

निरोप समारंभात वर्गाच्या वतीने बोलायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. वादविवाद स्पर्धा आणि मूट कोर्ट गाजवलेली मुलंही या भाषणात अडखळतात. त्याचं कारण साधं आहे. तिथे समोरच्याला पटवायचं असतं, इथे कुणाला काही पटवायचं नसतं. समोर बसलेल्या माणसांना त्यांनी आपल्यासाठी नेमकं काय केलं, ते आठवून सांगायचं असतं, आणि तेही त्यांना ओशाळं न वाटू देता. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर तीन संध्याकाळी पुरतात: एक माहिती गोळा करायला, एक लिहायला, एक मोठ्याने वाचायला.

१. आधी चार प्रश्न विचारून घ्या

कार्यक्रमाची आखणी करणाऱ्याला गाठा आणि विचारा: मला किती मिनिटं आहेत, माझ्याआधी कोण बोलणार, माझ्यानंतर कोण, आणि आभारप्रदर्शन कोणाकडे आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. निरोपाचं भाषण वेगळं आणि आभारप्रदर्शन वेगळं. प्राचार्य, पाहुणे, मंडप, ध्वनिव्यवस्था, 'ज्यांनी ज्यांनी हातभार लावला' हे सगळं आभारप्रदर्शनात येतं, आणि ते काम सूत्रसंचालकाचं किंवा दुसऱ्या कुणाचं असतं. हे आधी ठरलं नाही की भाषण करणारा घाबरून सगळ्यांचीच नावं घेतो. मग दहा मिनिटांनी आभार मानायला उठलेला माणूस तीच यादी पुन्हा वाचतो.

वेळ 'चार-पाच मिनिटं' अशी मोघम सांगितली, तर चार धरा. मंचावरून सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांना चारशेच्या वर शब्द बसतात, पण लिहायचे साडेतीनशेच्या आसपास. उरलेला वेळ टाळ्या, हशा आणि तुमचा घसा घेतो.

२. प्रसंग गोळा करा, विशेषणं नकोत

वर्गातल्या सात-आठ जणांना स्वतंत्रपणे विचारा. 'अमुक सरांबद्दल काय वाटतं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'खूप छान शिकवतात' हेच येतं आणि त्यात भाषणाला लागणारं काही नसतं. विचारायचं असं: 'त्यांचं कुठलं वाक्य तू अजून बोलतोस?' किंवा 'त्यांच्यामुळे तुझ्या वागण्यात काय बदललं?' मग खरा माल हाती लागतो. कोणी उत्तरपत्रिकेच्या समासात काय लिहितं, कोणी वर्गात शिरताना पहिलं काय विचारतं, कोणाच्या तासाला खडूचे किती तुकडे होतात.

हाती आलेली प्रत्येक गोष्ट एका कसोटीला लावा. वाक्यातलं नाव खोडून दुसऱ्या शिक्षकांचं नाव घाला. वाक्य तरीही खरं वाटत असेल, तर ते टाकून द्या. 'त्यांनी आम्हाला केवळ कायदा नाही तर जगणं शिकवलं' हे वाक्य जगातल्या कुठल्याही शिक्षकाला चालतं. म्हणूनच ज्यांना उद्देशून ते म्हटलं, त्यांनाही ते आपलं वाटत नाही.

दोघांतिघांनी आपणहून तोच प्रसंग सांगितला, तर तो नक्की घ्या. तो ऐकताना सगळा वर्ग मान डोलावणार. आणि फक्त तुम्हाला एकट्याला माहीत असलेला प्रसंग कितीही सुंदर असला तरी वर्गाच्या वतीने बोलताना तो बाजूला ठेवा. तो त्या शिक्षकांना नंतर एकटं गाठून सांगा, तिथे त्याची किंमत जास्त आहे.

३. नावांचा पेच सोडवा

चार मिनिटांत सगळ्या शिक्षकांबद्दल बोलणं शक्य नसतं. मग तिघांचीच नावं घेतली की उरलेले काय समजतील? हा पेच तुम्ही कायद्यांच्या अन्वयार्थाच्या पेपरात सोडवलेला आहे. 'एक्सप्रेसिओ उनियस एस्ट एक्सक्लूसिओ अल्टेरियस': एकाचा स्पष्ट उल्लेख केला की ज्यांचा केला नाही ते वगळले, असं मानलं जातं. समोरच्या रांगेत बसलेली माणसं हाच नियम रोज शिकवतात. वगळलं गेल्याचं त्यांच्या इतकं लवकर कुणाच्याच लक्षात येणार नाही.

'आणि इतर सर्व शिक्षक' असं शेपूट जोडून हे सुटत नाही. विशिष्ट शब्दांमागून आलेला सर्वसाधारण शब्द आधीच्या शब्दांच्याच जातीचा धरतात, हा दुसरा नियमही तुम्हाला माहीत आहे. 'ग्रंथपाल, लिपिक आणि इतर' म्हटलं की त्या 'इतर'मध्ये कोणत्या दर्जाचे लोक बसवले गेले, हे ऐकणारा बरोबर ओळखतो.

उपाय व्याख्येच्या कलमात आहे. व्याख्येत 'म्हणजे' असं लिहिलं की यादी तिथे संपते. 'यात समाविष्ट आहे' असं लिहिलं की यादी उघडी राहते. तुमची यादी दुसऱ्या प्रकारची करा आणि तसं उघड सांगा. त्याहून चांगलं म्हणजे माणसं निवडूच नका, सवयी निवडा: 'इथे लागलेल्या सवयींपैकी नमुन्याला तीन सांगतो.' मग कुणाचा क्रमांक वर आणि कुणाचा खाली हा प्रश्न उरत नाही.

तरीही सगळी नावं घ्यायचाच आग्रह झाला, तर ती एका दमात, सेवाज्येष्ठतेने किंवा वर्णानुक्रमे, कुठलंही विशेषण न लावता वाचा. एका नावाला 'लाडके' लागलं की बाकीची नावं बिनलाडकी होतात.

४. मराठीतल्या चार खाचा

*जिवंत माणसांना 'होते' लावू नका.* 'सर फार शिस्तप्रिय होते, पण मनाने प्रेमळ होते' हे वाक्य शोकसभेतलं वाटतं. तुम्ही जाताय, सर जात नाहीयेत. ते उद्याही शिकवणार आहेत. म्हणून त्यांची सवय वर्तमानकाळात सांगा: 'सर विचारतात', 'मॅडम लिहितात'. भूतकाळ स्वतःसाठी ठेवा: 'आम्ही घाबरायचो', 'आम्ही विसरायचो'. याच कारणाने, एखादे शिक्षक गैरहजर असले तर 'ते आज आपल्यात नाहीत' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत. 'ते आज बाहेरगावी आहेत' म्हणा. ऐनवेळी हे वाक्य फार जणांचं चुकतं, म्हणून आधीच लिहून ठेवा.

*'आम्ही' आणि 'आपण' यांची जागा.* मराठीने इथे आपल्याला एक सोय दिली आहे, ती वापरा. शिक्षकांकडे पाहून बोलताना वर्ग म्हणजे 'आम्ही'. वर्गाकडे वळलात की तोच वर्ग 'आपण' होतो. हा एक शब्द बदलला की मान वळवण्याआधीच सभागृहाला कळतं, की आता हा मित्रांशी बोलतोय. दोन्ही भागांत 'आम्ही'च राहिलं, तर मित्रांशीही तुम्ही मंचावरून बोलताय असं वाटत राहतं.

*आभार न मानण्याचं वाक्य.* 'मी आभार मानणार नाही, कारण आभार मानून मला तुम्हाला परकं करायचं नाही, मला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल.' हे वाक्य प्रत्येक समारंभात कुणीतरी म्हणतंच. बहुतेक वेळा तुमच्या आधीच्या वक्त्याने ते म्हणून झालेलं असतं. ऋणाची कल्पना वापरायची असेल तर कायद्याचा विद्यार्थी म्हणून वापरा. ते कसं, ते पुढच्या नमुन्यात आहे.

*पुस्तकी शब्द.* 'गुरुवर्य', 'ज्ञानगंगा', 'लाभले', 'शब्द अपुरे पडतात', 'आज मन भरून आलं आहे'. हे शब्द वाचताना तुमचाच आवाज बदलतो. एक वाक्य लिहा आणि विचारा, हे मी कट्ट्यावर बसून म्हणेन का? नाही म्हणत असाल तर दुसरं लिहा. मात्र आदरार्थी बहुवचन सोडू नका. कितीही मोकळं नातं असलं तरी मंचावरून 'सर म्हणाले', 'मॅडम आल्या' हेच.

५. कायद्यातला विनोद: एकच, आणि तपासून

वकिली शब्दांचे विनोद या भाषणात हमखास येतात. सुरुवातीलाच 'युवर ऑनर' म्हणणं, वर्गाला आरोपी ठरवणं, शिक्षकांना न्यायाधीश करणं. सुरुवातीला हसू येतं, पण चार मिनिटं ते ताणलं की लोक कंटाळतात. शिवाय मागे बसलेल्या पालकांना आणि कर्मचाऱ्यांना त्यातलं अर्धं कळत नाही. म्हणून कायद्यातली एकच कल्पना घ्या, ती साध्या मराठीत एका वाक्यात उलगडून सांगा, आणि शक्यतो शेवटी वापरा.

ती कल्पना पुस्तक उघडून तपासा, कारण समोर जे बसलेत ते याच चुका काढून जगतात. एक ठळक उदाहरण घ्या. १९३२ चा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला आणि त्यातली बाटलीतली गोगलगाय सगळ्यांना पाठ असते. 'बाटलीत गोगलगाय निघाली हे जसं कोर्टात सिद्ध झालं, तसंच…' अशी सुरुवात करून कुणी काही कोटी केली, की पहिल्या रांगेत कुजबुज झालीच म्हणून समजा. गोगलगाय कधी सिद्ध झालीच नव्हती. वादीने सांगितलेली हकीकत खरी मानली तर उत्पादकावर दावा चालू शकतो का, एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे होता. पुढे पुरावा झाला नाही, प्रकरण तडजोडीत मिटलं. कोटी बरी असूनही ती वाया जाते.

आणखी एक मर्यादा पाळा. ज्या खटल्यात कुणाचा जीव गेला, कुणावर अत्याचार झाला, त्यावर कोटी नको, मग तो वर्गात कितीही वेळा चेष्टेत आलेला असो. आणि चेष्टा करायची तर स्वतःची किंवा सगळ्या वर्गाची. शिक्षकाच्या उच्चाराची, चालीची, कपड्यांची नक्कल वर्गात हसवते, मंचावर दुखवते. वर्गात ती त्यांच्यामागे होते, इथे ते सगळ्यांच्या देखत ऐकत बसलेले असतात आणि त्यांना हसावंच लागतं.

६. पूर्ण नमुना

खालचं भाषण चार मिनिटांत आरामात बसतं. प्रसंग तुमचे घाला, सांगाडा हाच ठेवलात तरी चालेल.

> सर, मॅडम आणि मित्रमैत्रिणींनो,
>
> इथे शिकलेली कलमं आम्ही हळूहळू विसरू. सवयी मात्र जाणार नाहीत. त्या या विभागातल्या प्रत्येकाने लावल्या आहेत. नमुन्याला तीन सांगतो.
>
> पहिल्या वर्षी आम्ही उत्तरपत्रिकेत 'योग्य' हा शब्द फार वापरायचो. योग्य मुदत, योग्य मोबदला, योग्य ती कारवाई. कराराच्या मॅडम अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारतात आणि समासात लिहितात, 'म्हणजे काय?' आता आम्हाला घरीसुद्धा 'योग्य वेळी परत येतो' असं म्हणता येत नाही. मॅडम, शब्द तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय तुमची.
>
> पुराव्याच्या सरांना बाहेर पाऊस पडतोय असं सांगितलं, तरी ते विचारतात, 'स्वतः पाहिलंत, की कोणी सांगितलं?' आम्ही हसायचो. मग एकदा आमच्यातल्याच एकाबद्दल वर्गात अफवा पसरली, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तोच प्रश्न विचारला. अफवा तिथेच थांबली. सर, त्या वेळी तुमचा तास नव्हता. प्रश्न तुमचा होता.
>
> मूट कोर्टाच्या मॅडम न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्या, की आमचं पहिलं वाक्य कधीच पुरं व्हायचं नाही. विसाव्या सेकंदाला प्रश्न. आज इतका वेळ मला कोणी अडवलं नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय.
>
> हवं ते पुस्तक कुणी नेलंय, हे आमचे ग्रंथपाल वही न उघडता सांगतात. आणि परीक्षेचे अर्ज शेवटच्या दिवशी घेऊन धावणाऱ्या आम्हा सगळ्यांना कार्यालयाने सांभाळून घेतलं. ती तारीख आम्हाला तीन आठवडे आधीपासून माहीत असायची, हे आज कबूल करतो.
>
> आता थोडं आपल्याबद्दल. दुसऱ्या वर्षी आपल्या सगळ्यांकडे एकाच वहीच्या झेरॉक्स होत्या. त्या वहीत अकराव्या पानावर शाईचा डाग होता आणि डागाखाली तिसरा अपवाद. परीक्षेत आपण सगळ्यांनी दोनच अपवाद लिहिले. वहीची मालकीण तेवढी तीन लिहून आली. बाहेर आल्यावर ती आपल्यावर चिडली, आणि पुढच्या परीक्षेच्या आधी तिने सगळी वही नव्याने, स्वच्छ लिहून आणली. आपण तिचीही झेरॉक्स काढली आणि पळालो. ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्या दुसऱ्या वहीबद्दल, थँक यू.
>
> शेवटचं. मुदतीच्या कायद्यात एक सोय आहे. कर्जवसुलीचा दावा लावायची मुदत संपायच्या आत कर्जदाराने ते कर्ज लिहून, खाली सही करून कबूल केलं, की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आमच्यावर या वास्तूचं जे देणं आहे, ते मी आज लिहून आणलंय. सही केली आहे. हा कागद विभागप्रमुखांकडे देतो. मुदत आजपासून मोजावी.

आता यात काय चाललंय ते बघा. शिक्षकांचे प्रसंग आधी सभागृहाला सांगितले आहेत, तृतीयपुरुषात. नंतर एकच वाक्य त्या व्यक्तीकडे वळून, 'तुमची', 'तुमचा' असं म्हटलं आहे. सगळाच परिच्छेद 'तुम्ही असं करता, तुम्ही तसं करता' असा लिहिला असता तर बाकीच्यांना दोघांचं खासगी बोलणं ऐकतोय असं वाटलं असतं. वळण शेवटच्या वाक्याला आलं की त्याला वजन येतं.

तिसऱ्या प्रसंगात मात्र ते वळण मुद्दाम गाळलं आहे. तिन्ही परिच्छेद एकाच ठेक्यात संपले तर चौथ्याला लोक टाळ्यांसाठी हात उचलून बसतात, आणि भाषण पाठांतरासारखं वाटायला लागतं.

'आदर', 'प्रेम', 'कृतज्ञता' हे शब्द यात कुठेच नाहीत, हेही पाहा. वहीच्या प्रसंगात वर्गाचा थोडा स्वार्थीपणा उघड केला आहे, म्हणून तिथलं 'थँक यू' खरं वाटतं. मित्रांचे आभार मानताना स्वतःची एखादी कसर कबूल करणं हा सगळ्यात जवळचा रस्ता. तिथे 'आभारी आहोत' लिहिलं असतं तर ते मित्राच्या तोंडी शोभलं नसतं. आणि त्या मुलीचं नाव घ्यायचं की नुसती रांग सांगायची, हे तिला आदल्या दिवशी विचारा. काहींना नाव घेतलेलं आवडत नाही.

शेवटच्या कोटीत 'मुदत संपायच्या आत' आणि 'सही करून' हे दोन तुकडे गाळावेसे वाटतील, कारण वाक्य लांबतं. गाळू नका. मुदत संपल्यावर दिलेल्या नुसत्या कबुलीने मेलेली मुदत जिवंत होत नाही, आणि नुसतं तोंडी मान्य करूनही होत नाही. ते दोन तुकडे आहेत म्हणूनच पहिल्या रांगेला ही कोटी आवडेल.

७. कागद तयार करा

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत:

- शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी, कार्यालयातून तपासून आणलेली. आडनावाचा उच्चार शंकास्पद असेल तर त्यांच्याच विद्यार्थ्याला विचारून
- कार्यक्रमाचा क्रम
- भाषणाच्या तीन छापील प्रती, एक पेन्सिल, मोबाइलवरचं स्टॉपवॉच
- पाण्याची बाटली, झाकण आधीच सैल केलेली

अक्षर मोठं छापा, १६ ते १८ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला. पानाच्या शेवटी वाक्य तुटू देऊ नका. परिच्छेद पूर्ण बसत नसेल तर तो सगळाच पुढच्या पानावर न्या. पानांना मोठे क्रमांक घाला आणि स्टेपल करू नका. स्टेपल केलेलं पान उलटताना माइकवर चरचर ऐकू येते. सुटं पान आवाज न करता बाजूला सरकवता येतं. मोबाइलवरून वाचायचा मोह टाळा. पडदा मध्येच बंद होतो, आणि लांबून पाहणाऱ्याला तुम्ही निरोप वाचताय की मेसेज, ते कळत नाही.

पाठ करायचं असेल तर फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा. तेवढी दोन वाक्यं समोर बघून बोललात की पुरे.

८. मोठ्याने तीनदा वाचा

मनात वाचून वेळ कळत नाही. उभं राहून, मोठ्याने, स्टॉपवॉच लावून वाचा. पहिल्या वाचनात जिथे जीभ अडखळते तिथे पेन्सिलने खूण करा आणि ते वाक्य तोडा. दुसऱ्या वाचनात श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ मारा. तिसरं वाचन एका माणसासमोर करा, शक्यतो वर्गाबाहेरच्या. त्याला जो विनोद समजावून सांगावा लागला, तो काढून टाका.

रिकाम्या खोलीत साडेतीन मिनिटं झाली तर बरोबर. तिथेच साडेचार झाली असतील तर वाक्यं इकडेतिकडे छाटत बसू नका. एक अख्खा प्रसंग काढा. छाटलेल्या प्रसंगांपेक्षा पुरे सांगितलेले दोन प्रसंग बरे.

घसा कुठे दाटतो, तेही या वाचनात कळतं. ती जागा बहुतेक शेवटी नसते, ती मित्रांच्या भागात असते. तिथलं वाक्य लहान करा. लांब वाक्यात आवाज मध्येच फुटला तर पुन्हा सुरू करायला जागा सापडत नाही, लहान वाक्याच्या शेवटी नुसतं थांबता येतं. तेवढं एक वाक्य दहा-बारा वेळा जास्त म्हणून ठेवा, त्याची धार थोडी बोथट होते. प्रत्यक्षात आवाज फुटलाच तर 'सॉरी' म्हणू नका. पाण्याचा घोट घ्या, कागदाकडे बघा, थांबलात तिथून पुढे चला. लोक थांबतात. घाई तुम्हालाच असते.

९. त्या दिवशी

सभागृह भरायच्या आधी माइकपाशी जाऊन दोन वाक्यं बोलून पाहा. तोंडापासून साधारण वीतभर अंतर ठेवा. फार जवळ गेलात की 'प' आणि 'फ' फुटतात. माइकवर बोटाने टकटक करू नका, त्यात फुंकरही मारू नका. स्टँड तुमच्या उंचीला आणायला कोणाला सांगायचं, हे आधीच विचारून ठेवा. नाहीतर पहिलं वाक्य वाकून बोलावं लागतं.

ऐनवेळी तीन गोष्टी घडू शकतात. कार्यक्रम लांबतो आणि कुणीतरी कानात सांगतं, 'दोनच मिनिटं.' त्यासाठी वाचायच्या प्रतीवर आधीच पेन्सिलने चौकट करून ठेवा, की एवढं गाळलं तरी चालेल. वरच्या नमुन्यात मूट कोर्ट आणि कार्यालय, ग्रंथालयाचा परिच्छेद गाळला की वेळ कमी होतो, पण मग सुरुवातीचं 'तीन सांगतो' हे 'दोन सांगतो' करायला विसरू नका. कर्मचाऱ्यांना पूर्ण वगळणं बरं दिसत नसेल, तर त्यांचं पहिलं वाक्य तेवढं ठेवा. दुसरी गोष्ट: आधीच्या वक्त्याने तुमचाच प्रसंग सांगून टाकला. तो पुन्हा सांगू नका. 'लाल रेघेबद्दल तुम्ही ऐकलंतच' एवढं म्हणून थेट त्या मॅडमना उद्देशून असलेल्या वाक्यावर या, उलट जास्त बरं जमतं. तिसरी गोष्ट: विनोदावर कोणी हसलं नाही. थांबून हशाची वाट बघू नका, पुढचं वाक्य सुरू करा. तो विनोद होता हे कुणाला कळलंच नाही, तर बिघडलं काहीच नाही.

सही केलेला कागद देणार असाल तर त्यासाठी तिसरी, स्वच्छ प्रत वेगळी ठेवा. वाचायच्या प्रतीवर पेन्सिलच्या रेघा आणि चौकटी असतात, आणि गडबडीत नेमकी तीच हातात दिली जाते. दुसरी छापील प्रत पहिल्या रांगेतल्या मित्राकडे असू द्या, पहिली हरवली तर लागेल. आणि सहीखाली तारीख घाला. मुदत आजपासून मोजायला सांगून बिनतारखेचा कागद दिलात, तर पुराव्याचे सर तिथल्या तिथे विचारतील, 'कधी केली ही सही? कोणी पाहिलंय?'